कोपरे कापून वक्र: चैकिनच्या रीतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही रीत नेमकी काय आहे?

काही बिंदू सरळ रेषांनी जोडून एक तुटक रेषा काढली, की तिला कंट्रोल पॉलिगॉन म्हणतात. तिच्या प्रत्येक बाजूवर दोन नवे बिंदू घ्यायचे, एक बाजूच्या पाव अंतरावर आणि दुसरा पाऊण अंतरावर. जुने बिंदू टाकून द्यायचे आणि नवे बिंदू त्याच क्रमाने जोडायचे. प्रत्येक कोपरा छाटला जातो आणि त्याच्या जागी दोन बोथट कोपरे येतात. नव्या पॉलिगॉनवर पुन्हा हेच करायचं. असं करत राहिलं की पॉलिगॉन एका ठरावीक गुळगुळीत वक्राजवळ जात राहतो. तो त्याचा सीमावक्र.

जॉर्ज चैकिन यांनी ही रीत १९७४ मध्ये मांडली. वक्र झटपट काढता यावेत हा त्यांचा उद्देश होता. पाव भाग काढायला गुणाकार लागत नाही, बेरीज आणि दोन बिट सरकवणं एवढ्यावर भागतं. त्या काळच्या यंत्रांवर ही मोठी सोय होती. पुढच्याच वर्षी रिचर्ड रीझनफेल्ड यांनी दाखवून दिलं की या रीतीचा सीमावक्र म्हणजे समान अंतराच्या गाठींचा द्विघाती बी-स्प्लाईन आहे, म्हणजे गाठींपाशी एकमेकांना जोडलेल्या पॅराबोलाच्या तुकड्यांचा वक्र.

एखादं उदाहरण आकड्यांत करून दाखवाल का?

तीन बिंदू घेऊ: अ (०, ०), ब (१६, ०) आणि क (१६, १६). ब पाशी काटकोन आहे.

पहिल्या फेरीत अब वर (४, ०) आणि (१२, ०) मिळतात, बक वर (१६, ४) आणि (१६, १२). ब गेला. त्याच्या जागी (१२, ०) पासून (१६, ४) पर्यंतची तिरकी बाजू आली.

दुसऱ्या फेरीत सहा बिंदू होतात: (६, ०), (१०, ०), (१३, १), (१५, ३), (१६, ६), (१६, १०). तिसऱ्या फेरीची सुरुवात (७, ०), (९, ०), (१०.७५, ०.२५), (१२.२५, ०.७५) अशी होते.

आता आडव्या बाजूकडे बघा. पहिल्या फेरीनंतर ती ४ ते १२ होती, मग ६ ते १०, मग ७ ते ९. दोन्ही टोकांकडून सारखीच आखडत ती (८, ०) वर मिटत चालली आहे, आणि (८, ०) हा अब चा मध्यबिंदू. हे प्रत्येक बाजूला लागू आहे, पुढच्या फेऱ्यांत जन्मलेल्या बाजूंनासुद्धा. बाजूचा मध्यबिंदू कधीच कापला जात नाही. सीमावक्र त्या बिंदूतून जातो आणि तिथे ती बाजू त्याची स्पर्शिका असते.

कोडमध्ये एक फेरी एवढीच आहे:

```python
def kapa(p, w=0.25):
    q = []
    for (x0, y0), (x1, y1) in zip(p, p[1:]):
        q.append(((1-w)*x0 + w*x1, (1-w)*y0 + w*y1))
        q.append((w*x0 + (1-w)*x1, w*y0 + (1-w)*y1))
    return q
```

आकृती बंद असेल तर दर फेरीला `kapa(p + p[:1])` असं बोलवा, म्हणजे शेवटची बाजूही धरली जाईल.

सीमावक्र पॅराबोलाच का निघतो?

याची सिद्धता मला फार आवडते, कारण तिला मध्यबिंदूंपलीकडे काहीच लागत नाही.

अब चा मध्यबिंदू म, बक चा मध्यबिंदू न. म, ब, न हे तीन बिंदू नियंत्रक धरून द्विघाती बेझिए वक्र काढला तर तो पॅराबोलाचा तुकडा असतो. तो म पाशी अब ला आणि न पाशी बक ला स्पर्श करतो. हा वक्र अर्ध्यावर तोडायची जुनी रीत द कास्टेलजो यांची: मब चा मध्यबिंदू घ्या, बन चा मध्यबिंदू घ्या आणि मग या दोघांचा मध्यबिंदू घ्या. शेवटचा बिंदू वक्रावर असतो आणि वक्राचे दोन छोटे बेझिए तुकडे पडतात.

आता मब चा मध्यबिंदू कुठे येतो बघा. म हा अब च्या मधोमध आहे, म्हणजे मब चा मध्यबिंदू अ पासून पाऊण अंतरावर. चैकिन नेमका तिथेच कापतो! दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग कापून तयार झालेल्या तिरक्या बाजूचा मध्यबिंदू हा पॅराबोलावरचा बिंदू झाला. आपल्या उदाहरणात (१२, ०) आणि (१६, ४) यांचा मध्य (१४, २). वक्रावर म पासून न पर्यंत जाताना ० ते १ वाढणाऱ्या संख्येला t म्हटलं, तर पॅराबोलाच्या समीकरणात t = १/२ घातलं तरी (१४, २) हाच बिंदू येतो.

फेरीनंतर परिस्थिती पुन्हा तशीच असते: कोपरा आणि त्याच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू. फरक इतकाच, की एका तुकड्याच्या जागी त्याच पॅराबोलाचे दोन अर्धे तुकडे आले. म्हणून प्रत्येक फेरी त्याच वक्राचे अजून बारीक तुकडे पाडते. वक्र बदलत नाही. तो पहिल्या पॉलिगॉनमध्येच ठरलेला असतो.

किती फेऱ्या पुरतात?

अंतर किती झपाट्याने घटतं ते मोजता येतं. कोपरा ब, त्याचे शेजारी अ आणि क. ब पासून त्याच्या समोरचा वक्रावरचा बिंदू (२ब − अ − क)/८ इतका दूर असतो. आपल्या काटकोनात हे अंतर २.८३ येतं. एका फेरीनंतर (१२, ०) या नव्या कोपऱ्यासाठी तेच गणित केलं तर ०.७०७. म्हणजे बरोबर चौथा हिस्सा, आणि दर फेरीला असंच होतं. बिंदू साधारण दुप्पट होतात, अंतर चौपटीने कमी होतं.

पडद्यावर त्याच काटकोनाच्या बाजू १६०० पिक्सेलच्या असतील तर सुरुवातीचं अंतर २८३ पिक्सेल. मग ७१, १८, ४.४, १.१, आणि पाचव्या फेरीनंतर ०.२८. इतक्या मोठ्या आकृतीलाही पाच फेऱ्या पुरतात. सहावी फेरी डोळ्यांना दिसणार नाही, फक्त बिंदू दुप्पट होतील.

एक अपवाद ध्यानात ठेवा. कोपऱ्याचा कोन मात्र फेरीगणिक साधारण अर्धाच होतो, चौथाई होत नाही. त्यामुळे वक्रावरून प्रकाश परावर्तित करून दाखवायचा असेल किंवा त्याच्या समांतर रेषा काढायच्या असतील, तर नुसत्या रेषेपेक्षा एखाद-दुसरी फेरी जास्त लागते.

पाव भागच का? जास्त कापलं तर अजून गुळगुळीत होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर उलट आहे: जास्त कापलं तर वक्राला नवे कोपरे फुटतात. स्लायडरवर हे प्रमाण बदलायची सोय देणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कापायच्या प्रमाणाला w म्हणू. बाजूच्या w आणि १ − w अंतरावर बिंदू घ्यायचे. w शून्यापेक्षा मोठं आणि अर्ध्यापेक्षा लहान असेल तर पॉलिगॉन कुठल्यातरी सलग वक्राकडे जातोच. तो वक्र कसा असेल हे बाजूंच्या मध्यबिंदूंपाशी ठरतं. तिथे दोन गोष्टींची शर्यत चालू असते. मूळ बाजू दर फेरीला (१ − २w) पट होते. तिच्या शेजारची, कोपरा कापून जन्मलेली बाजू साधारण w च्या गतीने आखडते. शेजारची बाजू मूळ बाजूच्या दिशेला वळत वळत तिच्याशी एकरूप झाली पाहिजे, तरच मध्यबिंदूपाशी वक्र गुळगुळीत राहील. पण मूळ बाजूच आधी संपली तर वळायला दिशाच उरत नाही.

w = ०.४ घेऊन १० लांबीच्या बाजूचा चौरस कापून बघा. पहिल्या फेरीत आडव्या बाजूचे फक्त २ उरतात आणि तिच्या शेजारी (४, ४) अशी ४५ अंशांची बाजू येते. दुसऱ्या फेरीत आडवी बाजू ०.४ आणि शेजारीण (२.४, १.६), म्हणजे ३३.७ अंश. तिसऱ्या फेरीत ०.०८ आणि (१.१२, ०.६४), २९.७ अंश. चौथ्या फेरीत २८.१ अंश. आडवी बाजू जवळजवळ नाहीशी झाली आहे, पण शेजारीण अजून आडवी झालेली नाही, आणि होणारही नाही. तिचा कोन २६.६ अंशांवर थांबतो, म्हणजे दोनास एक अशा चढावर. दुसऱ्या अंगालाही तसंच होत असल्याने चौरसाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर वक्र एकदम ५३ अंशांनी वळतो. शंभर फेऱ्या केल्या तरी हा कोपरा जात नाही, कारण तो सीमावक्रातच आहे.

w = ०.२५ ठेवून हाच कोन मोजला तर ४५, १८.४, ८.१, ३.८ असा शून्याकडे जातो. स्वतःचा कोड तपासायचा असेल तर हीच चाचणी वापरा: मूळ बाजूच्या अवशेषाला लागून असलेल्या बाजूचा कोन दर फेरीला छापा. तो साधारण निम्मा होत गेला पाहिजे. तो एखाद्या आकड्यावर अडकत असेल तर प्रमाण चुकलं आहे.

मग एक तृतीयांश भाग कापला तर?

ती बरोबर सीमारेषा आहे. w एक तृतीयांशाहून मोठं असेल तर कोपरे फुटतात. एक तृतीयांश किंवा त्याहून लहान असेल तर स्पर्शिका सलग वळते. बाजूचे तीन समान भाग करून कोपरे कापायची रीत जॉर्ज द राम यांनी १९४७ मध्येच, म्हणजे चैकिनच्या कितीतरी आधी, अभ्यासली होती. दिसायला तो वक्र गुळगुळीत आहे, पण त्याची वक्रता, म्हणजे वळण किती तीव्र आहे त्याचं माप, विचित्र वागते.

w पावापेक्षा मोठं असेल तर प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपाशी वक्रता अनंत होते. w पावापेक्षा लहान असेल तर तिथे वक्रता शून्य होते, वक्र क्षणभर सपाट होतो. आणि हे मध्यबिंदू मोजके नसतात. प्रत्येक फेरीत नव्या बाजू येतात, त्यांचे मध्यबिंदूही वक्रावर येतात, त्यामुळे वक्राच्या कितीही छोट्या तुकड्यात असे बिंदू सापडतातच. वक्रता तिथे शून्याहून वेगळी आणि मर्यादित राहते ती फक्त w = १/४ ला. म्हणूनच पाव भाग ही नुसती सोयीची निवड नाही.

कोपऱ्यापाशी वर्तुळाचा कंस मिळतो का?

नाही, पॅराबोला मिळतो. आपल्या काटकोनात त्याच दोन बिंदूंना स्पर्श करणारा वर्तुळकंस काढला तर त्याची त्रिज्या ८ आणि केंद्र (८, ८). चैकिनचा मधला बिंदू (१४, २) केंद्रापासून ८.४९ दूर आहे, म्हणजे सुमारे ६ टक्के बाहेर. वक्रता-त्रिज्याही एकसारखी नसते: टोकांना १६, मधोमध ५.६६. एखाद्या यंत्रभागाला ८ त्रिज्येचा गोलावा द्यायचा असेल तर ही रीत वापरू नका, सरळ कंस काढा.

दोन तुकडे जुळतात तिथे स्पर्शिका सलग असते, वक्रता मात्र एकदम उडी मारू शकते. आपला कोपरा डावीकडे वळतो. पुढचा तेवढाच कोपरा उजवीकडे वळत असेल, तर सांध्यावर वक्रता १/१६ वरून −१/१६ वर जाते. रेषा म्हणून हे दिसत नाही. चकचकीत पृष्ठभागावर किंवा रुळासारख्या मार्गावर जाणवतं.

रेषेची दोन्ही टोकं आखूड का होतात?

उघड्या रेषेत पहिली बाजूही आपल्या मध्यावर मिटत जाते. पहिल्या फेरीत टोक बाजूच्या पाव भागाने आत येतं, मग एक अष्टमांशाने, मग एक सोळांशाने. बेरीज निम्म्यापर्यंत जाते. वक्र पहिल्या बाजूच्या मध्यापासून सुरू होतो.

पुष्कळजण पहिला बिंदू दोनदा लिहून हे सोडवतात. वक्र मग पहिल्या बिंदूपासून निघतो खरा, पण पहिली अर्धी बाजू सरळच राहते आणि वळण त्यानंतर सुरू होतं. मला ते रुचत नाही. त्याऐवजी पहिला बिंदू प, दुसरा फ असेल, तर प च्या जागी (२प − फ) ठेवा. आता पहिल्या बाजूचा मध्यबिंदूच प आहे, म्हणून वक्र प पासून निघतो, फ च्या दिशेने निघतो आणि लगेच वळू लागतो. शेवटच्या टोकालाही तसंच करा. आपल्या उदाहरणात (०, ०) च्या जागी (−१६, ०) आणि (१६, १६) च्या जागी (१६, ३२) येईल. फेऱ्या संपल्यावर टोकाचा बिंदू प च्या किंचित बाहेर असतो (चार फेऱ्यांनंतर इथे (−१, ०)), म्हणून शेवटी पहिल्या आणि अखेरच्या बिंदूच्या जागी मूळ टोकं लिहायला विसरू नका.

दहा फेऱ्या केल्या तरी माझी रेषा खडबडीतच दिसते. का?

कारण तुमच्या रेषेत बिंदू फार दाट आहेत. वक्र प्रत्येक बाजूच्या मध्यातून जातोच, मग फेऱ्या कितीही करा. चित्रावरून काढलेली पायऱ्यापायऱ्यांची रेषा असेल आणि पायरी एक पिक्सेलची असेल, तर वक्र प्रत्येक पायरीच्या मध्यातून जाणार. पायरीची नागमोड होईल, पायरी जाणार नाही. ही रीत कोपरा गोल करते, नको असलेला खडबडीतपणा काढत नाही. आधी डग्लस-पॉइकरसारख्या रीतीने बिंदू विरळ करा, मग कोपरे कापा. क्रम उलटा केला तर पहिल्या कामावर पाणी पडतं.

नकाशातल्या हद्दी अशा गुळगुळीत केल्या तर चालतील?

पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये यासाठी `ST_ChaikinSmoothing` आहे. फेऱ्या १ ते ५ पर्यंत देता येतात. उघड्या रेषेची टोकं नेहमी जागेवर राहतात; बंद आकृतीचा सुरुवातीचा बिंदू जागेवर ठेवायचा की नाही हे वेगळं सांगावं लागतं, न सांगितल्यास तो ठेवला जात नाही. फक्त दाखवण्यासाठी हे ठीक आहे. मोजमापासाठी नाही, कारण बहिर्गोल आकृतीचं क्षेत्रफळ घटतं. १६ बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ २५६. पहिल्या फेरीत ३२ जातात, दुसऱ्या फेरीत ८, तिसऱ्या फेरीत २, आणि पुढेही दर वेळी चौथाई. एकूण ४२.६७ जातात, म्हणजे बरोबर एक षष्ठांश.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. तीन हद्दी जिथे मिळतात तो बिंदू प्रत्येक आकृती आपापल्या परीने कापते, आणि तिथे फट किंवा एकमेकांवर चढलेला तुकडा तयार होतो. हद्दी आधी सांध्यांपाशी तोडून प्रत्येक सामाईक रेषा एकदाच गुळगुळीत करावी, टोकं पक्की ठेवून, आणि मग आकृत्या पुन्हा जोडाव्यात.

वक्र मूळ बिंदूंतूनच जायला हवा असेल तर?

मग कोपरे कापून भागणार नाही, कारण कापणं म्हणजेच ते बिंदू सोडणं. डिन, ग्रेगरी आणि लेव्हिन यांची १९८७ मधली चार बिंदूंची रीत बघा. तिथे जुने बिंदू तसेच राहतात. दोन लगतच्या बिंदूंच्या मध्ये एक नवा बिंदू येतो: त्या दोघांचं वजन प्रत्येकी ९/१६, त्यांच्या बाहेरच्या दोघांचं प्रत्येकी −१/१६. त्या उणे वजनांमुळे वक्र बहिर्गोल पॉलिगॉनच्याही बाहेर फुगू शकतो. चैकिनचा वक्र तसं कधीच करत नाही, कारण त्याचा प्रत्येक बिंदू जुन्या दोन बिंदूंच्या मधलाच असतो.

वक्रताही सलग हवी असेल तर?

लेन आणि रीझनफेल्ड यांनी १९८० मध्ये दाखवलेली वाट सोपी आहे. प्रत्येक बिंदू दोनदा लिहा, मग शेजारच्या बिंदूंचे मध्य घ्या, आणि त्या मध्यांचे पुन्हा मध्य घ्या. दोन वेळा मध्य घेतले की चैकिनचेच पाव आणि पाऊण बिंदू मिळतात. तिसऱ्यांदा घेतले की त्रिघाती बी-स्प्लाईन मिळतो, ज्याची वक्रताही सलग असते. किंमत अशी, की त्रिघाती वक्र कोपऱ्यांपासून आणखी दूर सरकतो आणि बाजूंना मध्यावर स्पर्श करायचं सोडतो. आपल्या काटकोनात बाजू दोन्हीकडे सरळ पुढे वाढवल्या तर चैकिनचा वक्र कोपऱ्यापासून २.८३ दूर राहतो, त्रिघाती वक्र ३.७७.